सेंद्रिय शेतकऱ्याचा निरखनामा

अलीकडे धाराशिव जिल्ह्यातील सेंद्रिय माल पिकविणारे शेतकरी व महिला गट आपल्या मालाची जाहिरात मोबाइलच्या पडद्यावर बोटाने सरकवीत जावयाच्या पाचसहा चित्रपत्रकांच्या मालिकेने करू लागले आहेत. पहिल्या पत्रकावर या महिन्यात काय मिळेल, दुसऱ्यावर दर, तिसऱ्यावर माल कोठपर्यंत पोहोचेल, आणि शेवटच्यावर मागणी कशी नोंदवावी, असा तिचा साधारण क्रम असतो. जुन्या दप्तरी भाषेत ज्याला निरखनामा म्हणत, म्हणजे भावांची जाहीर केलेली याद, तिचाच हा नवा अवतार होय. मात्र जुन्या निरखनाम्यात केवळ दर असत आणि माल समोर ढिगाने पडलेला असे, तर येथे माल अद्याप शेतात उभा असताना, किंबहुना कित्येकदा पेरलाही नसताना, त्याविषयी वचन द्यावयाचे असते. म्हणून अशा मालिकेची खरी परीक्षा तिच्यावरील रंगीत छायाचित्रांत नसून तिने कोणते रकाने रिकामे ठेवले आहेत यात असते, असे माझे मत आहे. धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण मुलखातला शेतकरी बारा महिने टोमॅटो, कोबी आणि पालक देतो म्हणत असेल, तर तो एकतर बाजारातून माल आणतो, किंवा त्याच्याजवळ पाण्याची अशी सोय आहे की जी त्याने आवर्जून सांगावयास हवी होती.

या जिल्ह्याचे पीकवर्ष पावसाने आखून दिलेले आहे. बालाघाटाच्या पठारावरील धाराशिव, तुळजापूर, वाशी, भूम, कळंब ही गावे घेतली काय, किंवा सखल भागातील परांडा आणि पूर्वेकडील उमरगा, लोहारा घेतले काय, पाऊस जूनमध्ये सुरू होऊन मध्ये ताण देतो आणि भाद्रपदात पुन्हा जोर धरतो, अशीच बहुधा त्याची रीत असते. मूग व उडीद साठसत्तर दिवसांत उरकतात म्हणून भाद्रपदाच्या आगेमागे नवा मूग यादीत येऊ शकतो. सोयाबीन दसऱ्याच्या सुमारास निघते. तूर मात्र खरिपात पेरली असूनही पौषापर्यंत रानात उभी असते, आणि तिची डाळ होऊन ग्राहकाच्या हाती पडावयास माघ उजाडतो. रब्बीची ज्वारी, करडई व हरभरा पावसाने काळ्या जमिनीत साठविलेल्या ओलीवर येतात, व त्यांची खळी फाल्गुनात होतात. ज्याच्या याद्यांत नवी तूरडाळ कार्तिकातच अवतरते, त्याची डाळ गेल्या वर्षीची आहे हे जाणत्या गिऱ्हाइकाने न विचारताच ओळखावे. जुनी डाळ वाईट असते असे नाही, पण ती जुनी म्हणूनच विकावी.

भाजीपाल्याचे पत्रक याहून नाजूक. पावसाळ्यात अंबाडी, गवार, दोडका, कारले यांच्याबरोबर पाथरी, चिघळ, तांदुळजा, कुर्डू अशा न पेरता उगवणाऱ्या रानभाज्या येतात, आणि या रानभाज्यांना निरखनाम्यात एक विशेष स्थान द्यावे असे मला वाटते, कारण ज्या वावरात तणनाशक फवारले जाते तेथे त्या उगवून येणे कठीण. शेतकऱ्याने श्रावणात पाथरीची जुडी देऊ केली तर ती त्याच्या रानाची एक प्रकारची साक्षच असते, मग कागदी प्रमाणपत्र असो वा नसो. हिवाळा हा या जिल्ह्याचा भरलेला हंगाम. मेथी, शेपू, चुका, वांगी, तुरीच्या ओल्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे आणि पुढे हुरडा. मार्गशीर्ष अमावास्येला येथे येळवस साजरी होते. त्या दिवशी सारे घरदार शेतावर जाते, ओल्या शेंगदाण्यांची, पालेभाज्यांची व ओल्या कडधान्यांची भज्जी शिजते, आंबिलीची घागर भरते. आणि म्हणूनच आदल्या दोनतीन दिवसांत शहरात स्थायिक झालेल्या धाराशिवकरांकडून या मालाची मागणी एकदम चढते, तर येळवशीच्या दिवशी स्वतः माल पोहोचविणारा माणूस घरी सापडत नाही. निरखनाम्यात “येळवशीच्या दिवशी वाटप नाही” ही एक ओळ असली की तो लिहिणारा इथलाच आहे, याविषयी शंका उरत नाही.

उन्हाळ्यात यादी आटते. चैत्र-वैशाखात शेवग्याच्या शेंगा, चिंच, कैऱ्या, साठविलेली ज्वारी व डाळी, करडईचे घाण्यावरचे तेल आणि वाळवणे, यापलीकडे कोरडवाहू शेतकऱ्याकडे फारसे काही नसते. विहिरीला पाणी टिकलेच तर थोडी काकडी, थोडी गवार. हे पत्रक उणे दिसते म्हणून शेतकरी ते प्रसिद्धच करीत नाहीत आणि दोन महिने मुके राहतात. परिणामी जूनमध्ये नव्याने सुरुवात करताना निम्मी गिऱ्हाइके दुसरीकडे लागलेली आढळतात. रिकामे पत्रकही पाठवावे, आणि प्रत्येक रिकाम्या रकान्यापुढे तो माल पुन्हा कोणत्या महिन्यात येईल ते लिहावे, हाच यावर उपाय. अर्थात निसर्गाने पूर्ण यादीच पुसून टाकावी असेही घडते. सप्टेंबर 2025 मध्ये झालेल्या अतिवृष्टीने परांडा, भूम या भागांत उभे खरीप पाण्याखाली गेले. अशा वर्षी आधी प्रसिद्ध केलेले पत्रक मागे घेऊन, कोणता माल अजिबात मिळणार नाही व कोणता उशिरा येईल, याची दुरुस्ती त्याच आठवड्यात कळविणे, हा या व्यवहारातील साधा प्रामाणिकपणा आहे.

माल किती येईल हे आधी कसे सांगावे, याचे उत्तर या जिल्ह्यातल्या स्त्रियांच्या एक एकर शेतीने शोधून ठेवले आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर पुनर्वसनाच्या कामातून उभ्या राहिलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने, प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखाली, लातूर-धाराशिव भागातील स्त्रियांना घरच्या शेतीतील अर्धा ते एक एकर स्वतःच्या निर्णयाने कसावयास मिळावी, तीत रासायनिक निविष्ठांवाचून अनेक प्रकारची अन्नपिके घ्यावी आणि घरचे भागवून उरलेले विकावे, अशी रीत रूढ केली. त्याबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार संस्थेला 2017 साली मिळाला. या रीतीत विक्रीला येणारा माल हा शिलकीचा माल असतो, आणि त्यातच त्याच्या यादीची अडचण सामावलेली आहे: एकीकडे दोन किलो वांगी, दुसरीकडे चार जुड्या मेथी, तिसरीकडे किलोभर गवार. एकट्या बाईने निरखनामा काढला तर तो दर आठवड्याला खोटा ठरेल. पण दहाबारा जणींनी मिळून बुधवारी आपापल्या रानात फेरी मारून अंदाज सांगितला, आणि गटातल्या एकीने त्यांची बेरीज करून तीतून चौथा हिस्सा वजा केला, तर उरलेला आकडा जाहीर करण्याजोगा असतो. चौथा हिस्सा का, तर काही माल किडका निघतो, काही घरी लागतो, आणि काही बाबतीत शेतकऱ्याचे मन पिकाकडे नेहमीच थोड्या अधिक आशेने पाहते.

या एक एकर रीतीतून सेंद्रिय या दाव्याविषयी एक प्रश्नही उत्पन्न होतो. घरची उरलेली चारपाच एकर जमीन सोयाबीन वा उसाखाली असेल आणि तीत खते-औषधे पडत असतील, तर विकला जाणारा माल कोणत्या तुकड्यातला, हे सांगणे क्रमप्राप्त ठरते. म्हणून निरखनाम्यावर सात-बारावरील गट क्रमांक व सेंद्रिय क्षेत्र लिहावे, आणि शेजारच्या फवारणीचे तुषार येऊ नयेत म्हणून बांधालगत ठेवलेल्या पट्ट्यातला माल वेगळा काढला जातो की नाही, तेही सांगावे. प्रमाणपत्राचे दोन मार्ग आपल्याकडे रूढ आहेत. निर्यातीसाठी त्रयस्थ संस्थेकडून तपासणी करून घेण्याचा एक, आणि किमान पाच शेतकऱ्यांच्या स्थानिक गटाने एकमेकांच्या शेतांची पाहणी करावयाची, असा सहभागी हमी पद्धतीचा म्हणजे पीजीएसचा दुसरा. दुसरा स्वस्त आहे आणि लहान शेतकऱ्यास परवडतो. यात रूपांतराच्या काळातील शेतास पीजीएस-ग्रीन व तो काळ पुरा झाल्यावर पीजीएस-ऑरगॅनिक असा दर्जा मिळतो. वर्षायू पिकांसाठी हा काळ सामान्यतः दोन वर्षांचा, फळबागेसाठी तीन वर्षांचा धरतात. निरखनाम्यात यापैकी आपण कोणत्या पायरीवर आहोत ते लिहिणे सोपे असूनही पुष्कळांना अवघड जाते, कारण “ग्रीन” म्हटले की गिऱ्हाईक दर पाडील अशी भीती वाटते. वास्तविक अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2017 च्या नियमांनी लहान उत्पादकास थेट ग्राहकाला माल विकताना प्रमाणपत्रातून सूट दिलेली आहे. मात्र अशा बिनप्रमाणित मालावर ‘जैविक भारत’चे चिन्ह छापता येत नाही. सूट असताना केवळ शोभेसाठी ते चिन्ह पत्रकावर डकविणे हा अपराध आहे, आणि मला तर तो अडाणीपणाही वाटतो, कारण चौकस गिऱ्हाईक पहिल्यांदा त्याचाच क्रमांक विचारते.

आता दरांकडे येऊ. निरखनाम्यातील सर्वांत अधिक चुका येथेच होतात, आणि त्या दोन टोकांच्या असतात. एक जण पुण्यातील दुकानात सेंद्रिय डाळीच्या पिशवीवर छापलेला भाव उतरवून घेतो; दुसरा मोंढ्यात ज्या भावाने तूर गेली असती त्यात डाळ करण्याची मजुरी तेवढी मिळवितो आणि आपण फायद्यात आहोत असे समजतो. एक हिशेब सविस्तर मांडून पाहू. 2025-26 च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव क्विंटलला 8000 रुपये होता. तेवढे पैसे शेतकऱ्यास काही न करता मिळू शकतात असे धरले, तर डाळ विकण्याच्या खटाटोपाची सुरुवात या आकड्यापासून व्हावयास हवी. समजा, गावाजवळच्या लहान डाळमिलीत क्विंटलमागे 600 रुपये लागले, वाळविणे-निवडण्याची मजुरी 800 झाली, आणि शंभर किलो तुरीची सत्तर किलो डाळ उतरली. सत्तर पिशव्यांचे 420 आणि पोहोचविण्याचे किलोला साडेचार रुपयांप्रमाणे 315, असे मिळून 10,135 होतात. चुनी व भुसा जनावरांसाठी विकून 500 परत आले, तर निव्वळ 9,635. त्यास सत्तराने भागले की किलोला सुमारे 138 रुपये पडले. त्यावर उधारी बुडण्याचा, भुंगा लागण्याचा आणि स्वतःच्या वेळेचा मोबदला म्हणून वीसबावीस रुपये चढविले, तर 160 हा दर न्याय्य ठरतो. परंतु उतारा सत्तरऐवजी पासष्ट किलो आला, तर नफ्याआधीचाच खर्च किलोमागे जवळजवळ दहा रुपयांनी वाढतो; म्हणून पहिली खेप काढून, डाळ, चुनी व भुसा वेगवेगळे तोलून मगच दर जाहीर करावा, अंदाजाने नव्हे. या आकड्यांतील मजुरी व मिलचे दर गावोगाव निराळे असतील, पण बेरजेची रीत तीच.

भाजीला असा हिशेब लावता येत नाही, कारण कोथिंबीर एका आठवड्यात कवडीमोल तर दुसऱ्यात सोन्याच्या मोलाची होते. येथे हंगामी स्थिर दर चालतो: दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत एक भाव, मग दुसरा. त्यामुळे स्वस्ताईच्या आठवड्यात ग्राहक थोडे अधिक देतो व महागाईच्या आठवड्यात शेतकरी थोडे कमी घेतो. मात्र या करारात मोह दोघांनाही पडतो, आणि त्याची खूण चटकन दिसते. बाजार चढला की शेतकऱ्याची मेथी “या वेळी कमी आली” असे होते, व बाजार उतरला की ग्राहक गावाला गेलेले असतात. म्हणून दराच्या पत्रकावर तो कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत लागू, हे ठळक लिहावे. ही तारीख आणखी एका कारणाने अत्यावश्यक आहे. मालिकेतील पत्रके लोक एकेकटी पुढे पाठवितात. श्रावणातले दरपत्रक मार्गशीर्षात कोणाच्या तरी मावसबहिणीकडे पोहोचते, आणि तीनचार महिन्यांपूर्वीच्या भावाने कारली मागणारा फोन येतो. तेव्हा गाव, तारीख आणि दूरध्वनी क्रमांक प्रत्येक पत्रकावर स्वतंत्रपणे असावा. बाकीची सोबत नाहीत असे समजूनच प्रत्येक लिहावे. माप नेहमी किलोत असावे. पायलीने ज्वारी मोजण्याची सवय अजून गावोगाव आहे, पण पायली प्रत्येक मुलखात निराळी, आणि जुडी तर प्रत्येक हाताची निराळी.

मालाचे वाटप कोठपर्यंत करावयाचे, हा प्रश्न उत्साहाने सोडविण्याचा नसून पेट्रोलने सोडविण्याचा आहे. तुळजापूरजवळच्या एखाद्या गावाहून सोलापूर सुमारे पंचेचाळीस किलोमीटर, जाऊनयेऊन नव्वद. दुचाकी लिटरला पंचेचाळीस चालते व पेट्रोल शंभर रुपये लिटर असे धरले, तर एका फेरीस 200 रुपये लागतात. पंधरा कुटुंबांनी प्रत्येकी तीन किलो माल घेतला तर पंचेचाळीस किलोंवर हा खर्च किलोला साडेचार रुपयांच्या आत बसतो. पाचच कुटुंबे असली तर तेरा रुपयांहून अधिक पडतात, आणि पालेभाजीतला सारा लाभ रस्त्यावर सांडतो. यास्तव निरखनाम्यात “सोलापूर शहर” असे मोघम न लिहिता, अमुक दोन ठिकाणी, अमुक वारी, सकाळी अमुक वाजता, आणि किमान पंधरा मागण्या झाल्या तरच, असे लिहावे. घरपोच देण्याऐवजी एखाद्या सोसायटीच्या फाटकाशी वा ओळखीच्या दुकानाशी ठराविक ठाणे असले म्हणजे वेळ व इंधन दोन्ही वाचतात. पुणे-मुंबईस डाळी, ज्वारी, तेल व वाळवण एवढेच पार्सलने पाठवावे. मेथी पाठविण्याचा मोह आवरावा, कारण रात्रभराच्या प्रवासात ती पिवळी पडून पोहोचते आणि दोष मात्र सेंद्रिय शेतीच्या माथी बसतो. आश्विनात तुळजाभवानीच्या यात्रेचा काळ वेगळा मांडावा लागतो. नवरात्रात तुळजापूरच्या वाटा गजबजतात, आणि कोजागरीच्या सुमारास सोलापूर-तुळजापूर रस्ता पायी येणाऱ्या भक्तांनी व्यापलेला असल्याने वाहने वळविली जातात. त्या आठवड्याचे वाटप आधीच रद्द जाहीर करणे शहाणपणाचे.

साठवणीच्या मालाच्या पत्रकावर एक सूचना सहसा नसते, आणि तिच्या अभावी सर्वांत अधिक तक्रारी येतात. व्यापारी कोठारात धान्याला विषारी धुरी दिलेली असते. सेंद्रिय डाळीला ती नसते. डाळ कडक उन्हात वाळवून, दाण्याला दाताखाली कट् असा आवाज येईपर्यंत कोरडी करून, एरंडेल चोळून ठेवली तरी पावसाळी दमटपणात तिला भुंगा लागू शकतो व ज्वारीत सोंडकिडा शिरू शकतो. एरंडेल चोळलेली आहे हे पिशवीवर लिहावे, नाहीतर शहरातली नवी गृहिणी त्या चकाकीला भेसळ समजते. डाळ दोन महिन्यांपुरतीच मागवावी, आणि मृगाआधी साऱ्या वर्षाची मागणी नोंदवू नये, असे विक्रेत्यानेच सांगितले तर ते त्याच्या नुकसानीचे नाही.

मागणी नोंदविण्याची रीत जितकी साधी, तितकी टिकाऊ. गुरुवारी रात्री आठपर्यंत एका संदेशात नाव, ठाणे, वस्तू व वजन एवढे चारच तपशील यावेत. शुक्रवारी संध्याकाळी तोडणी, रात्री ओल्या गोणपाटाखाली माल, शनिवारी पहाटे वजन व रवानगी. व्हॉट्सअॅपवरची प्रसारण यादी वापरणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी: एका यादीत 256 जणांपलीकडे नावे बसत नाहीत, आणि ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केलेला नाही त्याला तो संदेश पोहोचतच नाही. “सगळ्यांना पाठविले, कोणीच मागितले नाही” या खंतीमागे पुष्कळदा एवढेच कारण असते. त्याऐवजी समूह केला तर सर्वांना सर्वांच्या मागण्या दिसतात, उरलेला माल किती हेही कळते, पण सकाळच्या सुप्रभातांच्या पुरात निरखनामा वाहून जातो. तेव्हा केवळ चालकानेच लिहावे अशी मर्यादा समूहावर घालून मागण्या खासगी संदेशाने घेणे मला अधिक पसंत आहे. नेहमीच्या भाजीचे पैसे पोहोचल्यावर घ्यावेत. सीताफळ, हुरडा, नवी डाळ यांसारख्या, मागणीनुसार मुद्दाम तोडावयाच्या वा तयार करावयाच्या मालास निम्मा बयाणा आगाऊ घ्यावा, कारण तोडलेले सीताफळ दोनतीन दिवसांत पिकते आणि परत झाडावर लागत नाही. मागितलेल्यापेक्षा माल कमी भरला तर न विचारता दुसरी भाजी घालू नये. वांगी मागणाऱ्याच्या पिशवीत कारली निघाली, की तो पुन्हा मागत नाही. कमी पडलेल्या मालाचे पैसे पुढच्या खेपेत वळते करण्यापेक्षा त्याच दिवशी परत करावेत, आणि तसे करणार असल्याचे शेवटच्या पत्रकावर एका ओळीत आधीच लिहून ठेवावे.